सहावं पान

निशाचा निबंध सहाव्या पानावर अडला, तोही टंकलेखकाच्या मर्जीनं. टंकलेखक म्हणजे तिचे बाबा, नागसेन गुरुजी. राजारामपुरीत टायपिंग करून देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, पण एम.ए.च्या पोरीचा पहिला निबंध परका माणूस बडवणार, हे गुरुजींना पटेना. शाळेतनं आले की चहा घ्यायचे, मशीनचा फडका काढायचे आणि दोन बोटांनी टकटक सुरू. दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालानं निबंध परिसंवादाला जायचा होता.

पहिली पाच पानं मजेत झाली. जुन्या युरोपात माणसांचे चारच ढीग होते, असं निशानं लिहिलं होतं. ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. चौथ्या ढिगात आपण, हे वाचून गुरुजी हसले. पुढं साहेब आशियात राज्य करायला आला, पोथ्या गोळा झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकात तो ढीग सोडवून 'जागतिक धर्मां'ची यादी झाली. यादीत बसायचं तर संस्थापक पाहिजे, ग्रंथ पाहिजे, श्रद्धा काय ती चार ओळीत सांगता आली पाहिजे. म्हणजे माप घेतलं स्वतःच्या चर्चचं आणि अंगरखे शिवले जगाचे. मग शिरगणती आली, धर्मागणिक कायदे आले, आणि यादी कागदावरनं माणसांच्या अंगावर उतरली.

सहाव्या पानावर वाक्य होतं: 'युरोपीय अभ्यासकांनी ग्रंथालयांत बसून बौद्ध धर्म घडवला.'

टकटक थांबली. गुरुजींनी कागद ओढून काढला.

"तुझी आजी मला शाळंत घालाय गेली. हेडमास्तरांनी जुनी जात लिवली. बौद्ध लिवल्याबिगर चिमणाबाई तिथनं उठली न्हाय. ती काय साहेबाच्या ग्रंथालयातनं आलती व्हय?"

निशानं समजावून पाहिलं. घडवलं म्हणजे खोटं नव्हे, भिंतसुद्धा घडवलेलीच असते आणि डोकं आपटलं तर फुटतं. पाली पोथ्या वाचून त्यांनी एक शुद्ध बुद्ध मांडला, आणि लंकेतले, ब्रह्मदेशातले जिवंत भिक्खू त्या मापानं बिघडलेले ठरवले, एवढंच तिला म्हणायचं होतं. गुरुजींनी मशीनवर फडका टाकला. आतनं आई अंबूबाई म्हणाली, दोघं मिळून आता बुद्धाला उपाशी ठेवा, भाकरी निवायल्यात.

जेवताना निशानं मनात ठरवून टाकलं, निबंध राहिला तर राहू दे. आजीला खोटं पाडून मिळालेली शाबासकी तिला नको होती.

हात धुऊन गुरुजी परत खुर्चीवर बसले. मशीनकडं बघत त्यांनी दोन वर्षांपूर्वीची, दोन हजार एकची शिरगणती सांगायला घेतली. शाळेच्या गुरुजींनाच तेव्हा घरोघर कागद भरायला धाडलं होतं. पन्हाळ्याच्या वाटेवरलं एक शेतकऱ्याचं घर. नाव सांगायचं नसतं, सांगितलंही नाही. घरात तीन पिढ्यांचा पिराचा पंजा, धातूचा हात. मोहरमात गोड चोंगे तळायचे, मलिदा वाटायचा, पंजा नदीला निघाला की घरधनीण गायची:

पीर निघालं नदीला, माझा दादा वाट झाडी
कुणाचा कोण पुसना, दारी आल्या गूळ वाढी

धर्म विचारल्यावर घरधनी म्हणाला, हिंदू लिवा आणि पीर बी लिवा. गुरुजींनी सांगितलं, चौकटीत आकडा एकच बसतो. हिंदूला एक, मुसलमानाला दोन.

"त्यो म्हणाला, मग गुरुजी, घर अर्धं कापू का? मी हसलो आणि एक लिवला. सांजचं आपल्या घरचा कागद भरला. बौद्धाला पाच. त्यो पाच असा दाबून काढला की खालच्या कागदावर उठला. पेन तेच."

निशा म्हणाली, "बाबा, माझं वाक्य अर्धं हाय. आजी चौकटीत कोंबली गेली न्हाय, ती दार ठोठावून आत गेली. जुन्या चौकटीतनं सुटायला."

"मग तसं लिव की."

"पण चौकट कुणी केली, ते खोडणार न्हाय मी."

"खोडू नगंस. त्या घरचा पीर मी खोडलाय, पुरं झालं तेवढं."

निशानं उभ्याउभ्याच नवा परिच्छेद सांगितला. अभ्यासकांनी 'बौद्ध धर्म' नावाची चौकट घडवली. बुद्ध नव्हे, आणि त्याला शरण गेलेली माणसं तर नव्हेच. काहींचं जगणं त्या चौकटीनं कापलं. काहींनी तीच हातात घेऊन माणूस म्हणून नोंद मागितली. दोन्ही खरं धरल्याशिवाय टीका पुरी होत नाही.

गुरुजींनी 'माणूस' शब्दावर जरा जास्तच जोर दिला, कागदाला भोक पडता पडता राहिलं. पंजाच्या घराची हकिकत तळटीपेत आली. माहिती कुणाकडनं मिळाली, ते लिहायला निशानं 'एका प्रगणकाकडून' असं सुचवलं.

ते गुरुजींनी टंकलं नाही. त्या घराचं नाव झाकायचं, आपलं कशाला, म्हणाले. आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तिथं स्वतःचं पूर्ण नाव घातलं.