सत्तावन्नाच्या जागी शून्य

साहेब, तुमच्या रुग्णालयात सहा महिन्यांत सत्तावन्न वेळा माणसं लिफ्टमध्ये अडकली आणि तुम्ही तिथे शून्य लिहिलंत. एकदा नाही, सहा महिने ओळीने, सहा शून्यं, खाली तुमची सही. हे मला कुणी सांगितलेलं नाही. नोकरीच्या अर्जातली एक ओळ दुरुस्त करताना सापडलं.

कसं सापडलं ते नीट सांगते, म्हणजे नंतर "गैरसमज झाला" म्हणायला जागा उरणार नाही.

तुम्ही मला काढलंत त्याला तीन महिने झाले होते. बावीस मजल्यांच्या एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट देखभालीसाठी पर्यवेक्षक हवा होता. अर्जाची शेवटची तारीख सोमवार. रविवारी दुपारी मी नणंदेला बोलावलं. ती एका कंपनीत भरतीचं काम बघते, दिवसाला दोनशे अर्ज चाळते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने माझा कागद उचलला आणि भाजीवाल्याने सडका टोमॅटो बघावा तसा बघितला.

तुमच्याकडच्या कामाबद्दल मी लिहिलं होतं: "लिफ्टची देखभाल बघणे, मेकॅनिकना कामे वाटून देणे, नोंदी ठेवणे, तक्रारींचे निवारण करणे."

"वहिनी, हे काय आहे?"

"माझं काम."

"हे तुझं काम नाही, हे खुर्चीचं काम आहे. त्या खुर्चीत उद्या माठ ठेवला तरी त्याच्या कागदावर हेच चार शब्द येतील. बघणे, वाटणे, ठेवणे, करणे. तू होतीस म्हणून काय बदललं ते सांग."

"बदललं म्हणजे, लोक कमी अडकायला लागले."

"किती कमी?"

"बरेच."

"बरेच म्हणजे माझ्या भावाला घरकाम येतं तसं बरेच, की मोजता येईल असं?"

आतल्या खोलीतून तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की त्याला सगळं ऐकू येतंय. ती म्हणाली, ऐकू येण्यासाठीच बोलले.

मग तिने पेन घेतलं. "आधी किती, नंतर किती, किती दिवसांत, आणि तू नेमकं काय केलंस म्हणून. चारही सांग. एक जरी नसेल तर वाचणारा पुढच्या अर्जावर जातो. मी तरी जाते."

काय केलं ते मला तोंडपाठ होतं. चौदा लिफ्ट. आधी पद्धत अशी की कुणी अडकलं की मेकॅनिक धावायचा, काढायचा, हात पुसायचा. मी पर्यवेक्षक झाल्यावर कुठली लिफ्ट किती वेळा अडकते ते लिफ्टवार मांडलं. निम्म्याहून जास्त भानगड चार लिफ्टची. स्ट्रेचर आपटून त्यांची दारं हललेली, खालच्या खाचेत कापूस आणि चिकटपट्टीचे गोळे. दार पूर्ण लागत नाही, कुलूप जुळत नाही, लिफ्ट मध्येच थांबते. त्या चौघींच्या खाचा आणि कुलपं दर आठवड्याला तपासायची, असं वेळापत्रक मी लावलं. एवढंच. नवीन यंत्र नाही, जादा माणूस नाही.

"नंतरचा आकडा?"

"माझ्या पहिल्या वर्षी, जुलै ते डिसेंबर, बारा."

"आणि आधीचा? जानेवारी ते जून चालणार नाही हं. गर्दी दर महिन्याला वेगळी असते. आदल्या वर्षीचे तेच सहा महिने हवेत, त्याच चौदा लिफ्ट, आणि मोजायची रीतही तीच."

आधीचा आकडाही माझ्याकडे होता, साहेब. तुम्ही विसरलात. पर्यवेक्षक व्हायच्या आधी मी तुमच्याच नियंत्रण कक्षात होते. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की फोन आमच्याकडे यायचा. तिन्ही पाळ्यांतल्या आम्ही तिघी एकाच डायरीत लिहायचो: तारीख, लिफ्ट, किती मिनिटं, कोण. नंतर संगणकावर नोंदी सुरू झाल्या, डायरी कुणाला नकोशी झाली. मी घरी आणली. ती इस्त्रीच्या कपड्यांखाली होती.

आम्ही दोघींनी आलटून पालटून मोजलं. अकरा, नऊ, आठ, दहा, नऊ, दहा. सत्तावन्न.

नणंदेने पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "सत्तावन्नावरून बारा? आणि तू 'नोंदी ठेवणे' लिहिलं होतंस?"

"आपलंच कौतुक आपण काय लिहायचं."

"कौतुक नाही, हिशोब आहे हा. कौतुक म्हणजे 'मेहनती व प्रामाणिक'. ते सगळेच लिहितात, चोरसुद्धा."

ओळ तयार झाली. तिने मोठ्याने वाचली: "चौदा लिफ्टच्या रुग्णालयात माणसे अडकण्याच्या घटना जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत ५७ होत्या, त्या पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत १२ वर आणल्या, नोंदी लिफ्टवार मांडून सर्वाधिक अडकणाऱ्या चार लिफ्टच्या दारांची साप्ताहिक तपासणी सुरू केली."

मला गंमत वाटली. तीच मी, तेच काम, पण कागदावर कुणीतरी उभं राहिलं होतं.

"आता पुरावा," ती म्हणाली. "कुणी विचारलंच तर कागद काय दाखवशील? डायरी तुझी, अक्षर तुम्हा तिघींचं. रुग्णालयाचं काही?"

होतं. सूचनाफलकावर लागणाऱ्या सुरक्षा तक्त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. वर्षाअखेरीस लागलेल्या दीड वर्षाच्या तक्त्यावर पहिल्यांदा माझं पद छापून आलं म्हणून काढला होता. फोटोत फक्त माझीच ओळ पाहिली होती मी. माणूस स्वतःचं नाव बघतो, शेजारचा रकाना कोण बघतं.

नणंदेने फोटो मोठा केला. बोट एका रकान्यावरून वर-खाली फिरवलं.

"वहिनी, तुझे महिने जानेवारीपासून ना?"

"हो. नऊ, आठ, सहा, पाच, चार, चार. मग तीन, दोन, दोन, दोन, एक, दोन. तेच आहे ना?"

"तेच आहे. त्याच्या आधीचं बघ."

मी बघितलं. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

मला वाटलं फोटो अंधुक आहे. चष्मा पुसला. मग वाटलं चुकीचा तक्ता आहे. वर तुमच्या विभागाचं नाव, खाली तुमची सही. सत्तावन्नावरून बारा नाही, साहेब. तुमच्या कागदावर मी शून्यावरून बारा केले होते.

"म्हणजे तुझ्या आधी कुणी अडकतच नव्हतं," नणंद हळू आवाजात म्हणाली. "तू आलीस आणि लोक अडकायला लागले."

मी उठून तुमचं पत्र आणलं, नोकरीवरून काढल्याचं. "आपल्या कार्यकाळातील सुरक्षाविषयक नोंदी पाहता आपली सेवा पुढे चालू ठेवणे शक्य नाही." तीन महिने मी हे वाक्य छापील म्हणून सोडून दिलं होतं. मला वाटलं, सगळ्यांना असंच लिहितात. ते छापील नव्हतं. ते माझ्याचबद्दल होतं, माझ्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांवरून.

नणंदेने पाण्याचा पेला समोर सरकवला आणि तो तिथेच राहिला.

मग आठवलं. नियंत्रण कक्षातून मी तुम्हाला कळवायचे तेव्हा तुम्ही दर वेळी एकच विचारायचात: "अग्निशमन दलाला बोलवावं लागलं का? नाही ना? मग तो विलंब." विलंब. मला वाटायचं ही तुमची बोलायची पद्धत आहे. माझ्या आधीच्या पर्यवेक्षकाने तो शब्द नियम म्हणून पाळला. तक्त्यावर रकाना एकच, "घटना", विलंबाला रकानाच नाही. मला तो नियम कुणी सांगितला नाही. माणूस आत, दार बंद, आतून फोन, म्हणजे घटना, असं समजून मी एकूण एक लिहिली, डायरीत लिहायचो तशीच. ही माझी चूक. मी शब्दाचा अर्थ शब्दासारखा घेतला. आणि तुम्ही बारा महिने त्यावर सही करत राहिलात. एकदा तरी म्हणायचंत, बाई, आपल्याकडे असं लिहीत नाहीत. नाही म्हणालात. आकडे साठू दिलेत.

"ही ओळ काढून टाकू," मी नणंदेला म्हटलं. "जुनीच राहू दे. बघणे, वाटणे, ठेवणे."

"का?"

"ते साहेबांना फोन करतील. साहेब तक्ता दाखवतील. मी खोटी ठरेन."

"आणि जुनी ओळ ठेवलीस तर?"

"खोटी ठरणार नाही."

"कुणीच ठरणार नाहीस," ती म्हणाली. "दोनशेतली एक ठरशील."

ओळ राहिली. तिच्याखाली आम्ही आणखी एक लहान ओळ घातली: "दोन्ही वर्षी मोजणी एकच: दार न उघडल्याने लिफ्टच्या आतून आलेला प्रत्येक फोन." नणंद म्हणाली, अशी ओळ अर्जात कुणी लिहीत नाही, पण तुझ्या बाबतीत हीच खरी ओळ आहे.

मला मुलाखतीला बोलावलं. समोर एक इंजिनियर बाई होत्या. अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्या एकाच ओळीवर गेली. खाचेत काय सापडायचं, कुलूप कोण तपासायचं, चारच लिफ्ट का. मी डायरी आणि फोटो दोन्ही टेबलावर ठेवले आणि शून्यंही दाखवली. त्यांनी डायरीची पानं उलटली, एका पानावर थांबल्या, ते वाचलं. शेवटी म्हणाल्या, "काम तुम्ही केलंय हे मला कळतंय. पण डायरी तुमची आहे. नेमणुकीआधी जुन्या मालकाकडून पडताळणी लागते. फॉर्म आजच पाठवते."

तो फॉर्म तुमच्या टेबलावर आला असेल, साहेब. त्यात माझी ओळ जशीच्या तशी आहे आणि तिच्याखाली दोन रिकामे चौकोन. आधी किती, नंतर किती. शून्य लिहिलंत तर माझी नोकरी गेली. सत्तावन्न लिहिलंत तर तुमचे सहा महिने बोलायला लागतील.

लिहिण्याआधी एवढंच आठवा. इंजिनियर बाई ज्या पानावर थांबल्या, त्यावर माझं अक्षर आहे. ऑक्टोबर, मंगळवार, लिफ्ट क्रमांक तीन, बावीस मिनिटं. आत एक वॉर्डबॉय आणि स्ट्रेचरवर एक आजीबाई. तो वॉर्डबॉय मला फोनवर विचारत होता, आजींचा हात गार लागतोय, मी काय करू. मी त्याला म्हटलं, हात धरून ठेव, माझ्याशी बोलत राहा. बावीस मिनिटं आम्ही बोललो. दार उघडलं तेव्हा आजी जाग्या होत्या, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, फोनवर कोण होतं.

ती मी होते. तुमच्या तक्त्यावर त्या महिन्यासमोर शून्य आहे.

फॉर्म परत करायची मुदत शुक्रवार. सांगा साहेब, त्या मंगळवारी लिफ्ट क्रमांक तीनमध्ये कोण होतं? पहिल्या चौकोनात आकडा लिहा, आणि खाली सही करा.