साफ केलेले फोटो

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. टेबलावरचा चहा कधीच गार झाला होता. बारीक आवाजामुळे प्रयोगशाळेत चिमणी हे नाव पडलेली त्यांची विद्यार्थिनी फोटोवरून त्वचेचे आजार ओळखायला संगणकाला शिकवण्याच्या तिच्या प्रकल्पाचा अहवाल घेऊन समोर उभी होती. आज संध्याकाळपर्यंत त्यावर सही झाली नाही, तर तिची पदवी पुढच्या सत्रावर जाणार होती.

"बस गं. त्वचेवरच्या डागांच्या फोटोंसाठी तू मूळ पेपरचा संदर्भ दिलायस. पण त्यांच्यापेक्षा तुझे फोटो कमी कसे?"

"मूळ डेटात फार गोंधळ होता, मॅडम. तेच फोटो परत परत, लेबलं चुकलेली. कुणीतरी तो साफ करून इंटरनेटवर टाकलाय. मी तो घेतला."

"आणि हा कुणीतरी अहवालात कुठंय?"

"पण फोटो तर मूळ लोकांचेच ना?"

"घर त्यांचं. झाडलोट दुसऱ्याने केली. तू चपला काढून आत आलीस आणि म्हणतेस, किती स्वच्छ राहते मी!"

चिमणीला हसू आलं, पण टिकलं नाही.

"दुसऱ्याचा प्रोग्रॅमचा कोड घेतलास, त्यावरचा परवान्याचा मजकूरही उडवलायस."

"तो कोड वापरायला मोकळा आहे."

"वापरायला मोकळा, नाव पुसायला नाही. आणि सारख्या दिसणाऱ्या आजारांचे फोटो संगणकाला जोडीने शिकवायचे, ही 'आमची नवी पद्धत' कुणाची?"

"आपल्या प्रयोगशाळेतल्या दादाने सुचवलं होतं. नोकरीला जायच्या आधी, डबा खाताना. त्याचा काही पेपर नाहीये."

"डबा खाताना सुचवलं म्हणून तुझं झालं होय?"

मॅडमना बोलायचाही कंटाळा आला होता. दरवर्षी हेच, फक्त चेहरे वेगळे. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. जुन्या पद्धतीचा अचूकतेचा आकडा मूळ पेपरमधून उचललेला, म्हणजे गोंधळाच्या फोटोंवरचा. शेजारी चिमणीचा, साफ फोटोंवरचा.

"ही झेप तुझ्या पद्धतीची की त्या साफसफाईची?"

चिमणी खुर्चीत खचली.

"जुनी पद्धतही साफ फोटोंवर चालव. चाचणीचे फोटो दोन्ही पद्धतींना तेच."

दुपार त्यातच गेली. निकाल आला तेव्हा झेप बोटभर उरली होती.

"आता माझं काय राहिलं, मॅडम?"

"बोटभर. पण ते तुझं."

चिमणीने दादाला फोन लावला. "अगं, मी विसरलोही होतो," तो म्हणाला, "पण टाक नाव. आडनाव तेवढं नीट लिही, बाई." मग तिने परवान्याचा मजकूर परत जागेवर ठेवला, कोड कुठून आणला तेही लिहिलं. 'आमची नवी पद्धत' खोडली. फोटो साफ करणाऱ्याचं खरं नाव काही केल्या सापडेना, तेव्हा त्याचं टोपणनाव, दुवा आणि आवृत्ती लिहिली.

"परीक्षक गुण कापतील," ती पुटपुटली.

"कापतील," मॅडम म्हणाल्या आणि सही करून चहाचा कप धुवायला उठल्या.