परवाचे शाफ्ट

कारखाना दोन भावंडांचा. गिऱ्हाईक सांभाळायचं दादानं, यंत्रांच्या तासांचा मेळ घालायचा धाकटीनं. दादा तोंडाचा गोड; कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. लेथ दोन असल्या तरी मिलिंग मशीन एकच होतं, आणि प्रत्येक काम शेवटी त्याच्याच दारात येऊन अडायचं. म्हणून धाकटीनं फळा टांगला होता: ज्याचं काम आधी आलं, त्याचं आधी.

बुधवारी तिनं विचारलं होतं, "पंपवाल्याचे शाफ्ट कधीचे?"

"परवाचे," दादा फोनवरूनच म्हणाला.

म्हणजे सोमवारी आलेले, असं धरून तिनं ते शनिवारी आलेल्या गिअरांच्या मागे लावले. शुक्रवारी सकाळी दादानं विचारलं, "शाफ्ट बांधून ठेवलेत ना? आज द्यायचेत."

तेव्हा कुठे घोळ कळला. शाफ्ट लेथवरून उतरून कोपऱ्यात पडले होते, चाक घट्ट बसवायच्या चावीची खाच मिलिंगवर मारायची बाकी होती. मशीनवर अर्धवट दात कापलेला गिअर होता.

"उतरवा तो," दादा म्हणाला. पंपवाला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तो तुटला तर एक लेथ झाकून ठेवावा लागला असता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

मिलिंगवाले काका हात पुसत म्हणाले, "उतरवतो. पण पुढचे दात नेमके बसतील याची हमी माझ्याकडे मागू नका. आणि सगळी मांडणी पुन्हा लावण्यात अर्धा दिवस जाईल."

"म्हणजे शाफ्ट रात्रीपर्यंत, आणि गिअरही लटकले," धाकटी म्हणाली. "एकाला उशीर होतोय, तर दोघांना कशाला? गिअर दुपारी संपतात. मग खाचा. शाफ्ट उद्या दुपारी."

"त्याला काय सांगू? मशीन बिघडलं म्हणू?"

"खरं सांगू. मी सांगते."

तिनं फोन लावला. हात तेलकट होते म्हणून तो स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"चूक आमची झाली," ती म्हणाली. "शाफ्ट आज नाही, उद्या दुपारी मिळतील."

पलीकडून पंपवाल्यानं विचारलं, "उद्या नक्की?"

"नक्की. फळ्यावर लिहून ठेवते."

"मग काही हरकत नाही," तो मजेत म्हणाला. "दादांचा परवा मला माहीत आहे, ताई. मी पुढे माझ्या गिऱ्हाइकाला सोमवारच सांगून ठेवलाय."

फोन बंद झाला. गिऱ्हाईक राहिलं, या आनंदात धाकटी हसणारच होती, पण दादाकडे बघून थांबली. तो खुर्चीची पाठ धरून उभा होता, कानापर्यंत लाल.

"सगळेच असं धरून चालतात का?" त्यानं हळूच विचारलं.

"गिअरवाल्याला विचारू?" तिनं फोनकडे हात नेला.

"नको," दादा म्हणाला. त्यानं खडू घेतला आणि फळ्यावर शाफ्टांसमोर स्वतःच्या हातानं लिहिलं: शनिवार.