चार मुद्द्यांचे चार गुण

१९६२ सालची गोष्ट. गोपाळकृष्ण मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. छत्तीस पेपर कसे सरळ तपासून झाले! ‘भारताच्या राज्यघटनेत दिलेली नागरिकाची चार कर्तव्ये लिहा. गुण ४.’ कायदा पाळणे, कर भरणे, मतदान करणे, सार्वजनिक मालमत्ता जपणे. मुद्द्याला एक गुण, लाल टिक, की पुढचा पेपर. आणि ही सदतिसावी बाई!

ढोकीच्या द्वारकाबाईनं मुद्द्यांचे आकडे न घालता लिहिलं होतं: ‘घटनेत हक्क दिले आहेत. कर्तव्यांची यादी कुठं सापडली नाही.’

मास्तरांनी भोपळा दिला. बेरीज केली तर तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागत. नागरिकशास्त्रात नापास, म्हणजे अध्यापन वर्गाचा दाखला न्हाय; दाखला न्हाय, म्हणजे शाळेत नोकरी न्हाय. बाई विधवा, परत दिराच्या दारात.

“दोन मुद्दे लिहिले असते तरी सुटली असती की वो!” मास्तर भिंतीवर खेकसले.

मग बाईला खोटं पाडायचंच म्हणून त्यांनी कपाटातली घटनेची हिंदी प्रत काढली. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क, चांगले सात. चौथ्यात मार्गदर्शक तत्त्वं, पण ती सरकारला सांगितलेली. पुढं राष्ट्रपती, संसद, न्यायालयं, निवडणुका. मागच्या अनुसूच्यासुद्धा चाळल्या. नागरिकाची कर्तव्यं कुठंच न्हाईत! (ती घटनेत आली पुढं १९७६ साली.) सात वर्षं ते वहीतून वहीत उतरवत शिकवत आले होते, एकदा पुस्तक उघडायला काय झालं होतं?

ते तणतणत मुख्याध्यापक विष्णुपंतांकडं गेले.

“आदर्श उत्तरात तिचा मुद्दा न्हाय. गुण कसा देणार?” विष्णुपंत म्हणाले.

“मग आदर्श उत्तरच चुकलंय, साहेब.”

“तसं लिहून द्या. सही तुमची. प्रश्न रद्द, सगळ्यांना चार.”

मास्तरांनी दातओठ खात लिहून दिलं. द्वारकाबाईला सदतीस झाले. तिला बोलावून त्यांनी पेपर पुढं टाकला आणि म्हणाले, “घ्या! झालात पास. तुमच्यापायी माझी लाज गेली.”

बाईनं पदर सावरला. आभार मानील असं त्यांना वाटलं.

“गुरुजी, मागल्या वर्षी माझ्या गावची शामला ह्याच विषयात दोन गुणांनी गेली. तिनं बी कर्तव्यं लिहिली नव्हती म्हणं. तिला भोपळा तुमीच दिला होता?”

मास्तरांना आठवलं. कोरी जागा, वर लाल शून्य. पोरीला काही येत न्हाय म्हणून ते हसलेसुद्धा होते.

“आता कुठंय ती?” त्यांनी विचारलं.

“कारखान्यावर ऊस तोडती.”