बारा शुभेच्छुक आणि महिलांची बॅच

भवानीनगरच्या जिमवर फ्लेक्स चढला आणि जास्मिननं कपाळावर हात मारून घेतला. जाहिरात महिलांच्या सकाळच्या बॅचची, आणि तिच्यावर पुरुष तेरा! मधोमध गॉगल लावलेला मालक विजयसिंह, भोवती हात जोडलेले बारा शुभेच्छुक. त्याच्या सासऱ्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत कुणी सुटलं नव्हतं. खाली लिहिलेलं, ‘लठ्ठपणाला करा टाटा!’

बॅच जास्मिन घेणार, म्हणून मजकूर तिनंच लिहून दिला होता: ‘डबे, पोरांची शाळा आवरून सकाळी दहाला या. घरातल्या ड्रेसवर या, बुरख्यात आलात तरी चालेल. वजन विचारणार नाही. त्या वेळात आत एकही पुरुष नसेल, मालकसुद्धा. काचेला पडदा आहे.’ त्यातलं ‘सकाळी दहा’ तेवढं फ्लेक्सवर उरलं होतं.

"दादा, माझा मजकूर कुठं गेला?"

"तोंडांना जागा नगं व्हय? एक जरी गाळला तर जन्माचा रुसंल."

पडदा तो लावेलच असं तिनं धरलं होतं, पण त्याला तर त्यानं साफ नकार दिला. काचेतून मशिनी दिसल्या तरच गिऱ्हाईक येतं, हे त्याचं शास्त्र. वर दम भरला, सोमवारी दहा बायका आल्या तर बॅच, नाहीतर बंद. बॅच बंद म्हणजे जास्मिनचं कामही बंद, आणि वालचंदनगरची नोकरी तर ती सोडून बसलेली.

शनिवारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. मग बचत गटाच्या अध्यक्षा तानूबाई फ्लेक्सखाली थांबल्या.

"एवढे समदे आत असत्यात व्हय गं? आमी पदर सांभाळायचा का वजन उचलायचं?"

जास्मिननं चिडून आपला मजकूर वाचून दाखवला. तानूबाईंनी तो तिथंच मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायला लावला आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. "हे बाईमाणसाचं बोलणं झालं. समोर चहाची टपरी हाय, पडदा हाय न्हवं?"

"हाय," जास्मिन बोलून गेली.

सोमवारी सकाळी पुरुषांची बॅच सुटली तशी ती शिडी लावून वर चढली. फ्लेक्स उतरवला आणि काचेला आतून ताणून बांधला, तोंडं रस्त्याकडं.

बायका आल्या. दहाव्या बाईनंतर तिनं मोजणं सोडून दिलं. मागोमाग विजयसिंह आला, उद्घाटनाचा नारळ आणि फोटोवाला घेऊन.

"हे काय केलंस? काढ आधी!"

"तुमीच काढा दादा. सासरेबुवांचं तोंड मी कशी खाली उतरवू?"

सासरे टपरीवर चहा फुंकत होते. "जावईबापू, वर कुणाला दिसत नव्हतं. आता कसं झकास दिसतंय!"

विजयसिंहानं फ्लेक्सकडं रोखलेला हात खाली घेतला. निदान नारळ तरी आत फोडावा म्हणून तो दाराशी गेला, तर तानूबाई आडव्या उभ्या.

"मालकसुद्धा न्हाय. तसा शब्द दिलाय आमाला."

दार लागलं. बाहेर पायरीवर नारळ फुटल्याचा आवाज आला आणि आत हशा पिकला. जास्मिनला हसता हसता रडू फुटलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "चला बायांनो, हात वर."