हट्ट्याच्या बायांना दिलेला नकार

संध्याताईंच्या दारात ते दोघं उभे राहिले तेव्हा दुपार कलली होती. बुद्धभूषण हट्टा गावच्या शाळेत मास्तर होता. त्याच्या मागं जनकाबाई, तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा, पदर सावरत उभ्या होत्या. "जय भीम ताई," म्हणत बुद्धभूषणनं चपला काढल्या आणि संध्याताईंना त्यांच्या येण्याचं कारण कळलं. फेब्रुवारी संपत आला की हिंगोलीतल्या त्यांच्या घरी अशी माणसं यायचीच. आठ मार्चच्या महिला दिनाचं भाषण मागायला.

त्यांच्या लेकीला, आकांक्षाला, जाऊन पाच वर्षं झाली होती. सासरी स्टोव्हचा भडका उडाला, असं त्या लोकांनी सांगितलं होतं. पुराव्याअभावी सगळे सुटले. त्यानंतर कोणीतरी संध्याताईंना पहिल्यांदा मंचावर बोलायला उभं केलं. त्या अडखळत, रडत बोलल्या आणि समोरच्या बायाही रडल्या. तेव्हापासून जिल्ह्यात कुठं महिला मेळावा असला की पत्रिकेवर त्यांचं नाव असायचं. एरवी त्या शाळेत पोरांना भूगोल शिकवायच्या.

चहा झाला. बुद्धभूषणनं पत्रिकेचा कच्चा मजकूर पुढं सरकवला. प्रमुख वक्त्या म्हणून वर त्यांचंच नाव होतं.

"छापायला टाकायची हाये ताई. तुमी व्हय म्हणा फक्त. जीप पाठवतो."

त्यांनी तो कागद वाचला आणि हळूच परत त्याच्या हातात दिला.

"भूषण, छापायच्या आधी आलास, बरं केलंस. मी नाही येणार."

"आँ? काहून ताई? तारीख पुढं-मागं करू आमी."

"तारखेचं नाही रे. मी आता आकांक्षावर भाषण करत नाही."

आजारपण, शाळेची परीक्षा असं काही सांगून त्यांना सुटता आलं असतं. पण खोटं कारण दिलं तर पुढच्या वर्षी ही माणसं पुन्हा आशेनं येतील, आणि दारी आलेल्या माणसाला तसं फिरवणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी खरं तेच सांगितलं.

"मागच्या वर्षी जवळा बाजारला बोलत होते. तिचा शेवटचा फोन सांगताना मी थांबले. आणि माझ्या ध्यानात आलं, की मी दरवेळी तिथंच थांबते. थांबलं की बाया डोळ्याला पदर लावतात, हे मला पाठ झालंय. कार्यक्रम झाल्यावर एक बाई म्हणाली, लई छान झालं, रडवलंत बघा. वाईट नव्हती ती. पण घरी आले तर मला आकांक्षाचं लहानपण आठवेना. भाषणच आठवायला लागलं."

आत जळबा, त्यांचे मालक, रेडिओ ऐकत बसले होते. त्यांनी रेडिओचा आवाज बंद केला.

"माफ कर," संध्याताई म्हणाल्या. "तुमच्या कामाला माझा नकार नाही. मंचावर उभं राहायला आहे. दोन गोष्टी मी करू शकते. निलम राठोड माहीत आहे का? औंढ्याकडच्या तांड्यावरची. इथं कोर्टात वकिली करते. सासरी जाच असला तर तक्रार कुठं द्यायची, पोलिसांनी घेतली नाही तर पुढं कुणाकडं जायचं, दवाखान्यातले कागद कसे जपायचे, हे ती साध्या भाषेत सांगते. मी आज तिला विचारते. ती स्वतः हो म्हणेपर्यंत नाव छापू नका. उद्या संध्याकाळी शाळेत फोन करून तुला नक्की काय ते सांगते."

"अन् दुसरी?"

"दुसरी ही, की मेळाव्यानंतरच्या रविवारी मी हट्ट्याला येते. एसटीनं येईन. मंडप, माईक, हार, काही नको. ज्यांच्या पोरी माहेरी आल्यात, नाहीतर सासरी नांदून राहिल्यात पण आईला घोर आहे, त्यांनाच बोलवा. मी ऐकायला येते."

बुद्धभूषणनं कागदाची घडी केली. "लोक तुमच्या नावानं येतात ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला. नाराजी लपली नाही. जाताना उंबऱ्याशी थांबून जनकाबाईंनी एवढंच विचारलं, "रविवारी बराबर येसाल ना?"

निलम तयार झाली. मेळावा झाला. गर्दी बेताचीच होती, पण बायांनी तिला खूप विचारलं, असं निलमच सांगून गेली. ताईंचा भाव वाढला, असंही कोणीतरी मागं बोलल्याचं संध्याताईंच्या कानावर आलं. त्यांना ते लागलं. तरी त्यांनी रविवारची पिशवी भरली.

जनकाबाईच्या घरात सतरंजी अंथरली होती. थोड्याच बाया आल्या. सगळ्या संध्याताईंकडं बघत बसल्या.

"सांगा की ताई," एक म्हातारी म्हणाली.

"मी आज ऐकायला आले, मावशी."

कुणी सतरंजीचा दोरा ओढला, कुणी कापसाच्या भावाचं काढलं. संध्याताईंना वाटलं, चुकलंच आपलं. उठून बोललो असतो तर या निदान काही घेऊन घरी गेल्या असत्या. त्यांच्या ओठांवर ते भाषण आपोआप आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात जनकाबाईनं चहाची थाळी खाली ठेवली आणि तिथंच बसकण मारली.

"माझी लेक विशाखा जवळा बाजारच्या पल्याड दिली हाये," त्या म्हणाल्या. "संक्रांतीला आली तवा हातावर डाग होते. म्हणली, भाकरी भाजताना भाजलं. भाजतं का कधी दंडावर? तिच्या बापानं परत धाडली. म्या बी गप बसले. अध्यक्षीण हाये मी. लोकाला काय सांगू? तुमी भाषण केलं असतं ना, तर म्या तुमाला हार घातला असता अन् रडून मोकळी झाले असते."

कोणी कुणाकडं पाहिलं नाही. संध्याताईंनी जनकाबाईचा हात धरला. "आणायला जायचं का?" त्यांनी विचारलं.

"आज?"

"आज. मी येते सोबत."

त्या दोघी दुपारच्या बसनं जवळ्याला उतरल्या आणि तिथून टमटमनं पुढं गेल्या. विशाखाच्या सासूनं आधी चहा विचारला आणि मग आवाज चढवला. जावई ओट्यावरून उठला नाही. "नेऊन राहिल्या तर न्या, परत आणून सोडू नका," तो म्हणाला. जनकाबाई दारातून हलल्या नाहीत. विशाखा आतून आली ती लेकराला काखेत घेऊन, एका पिशवीनिशी. इतक्या पटकन की पिशवी भरूनच ठेवली असावी.

परतीच्या एसटीत जनकाबाईला पुढं जागा मिळाली. विशाखा आणि संध्याताई मागच्या बाकावर बसल्या. पोरीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं भाषण ऐकलं नव्हतं. आईची कोणी मैत्रीण असेल, असं तिला वाटलं. बऱ्याच वेळानं, काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली,

"तुमाला किती लेकरं हायेत, मावशी?"

"एक मुलगी होती. गेली."

एवढंच. पुढं काय सांगायचं ते संध्याताईंना सुचेना. मंचावर कधी असं झालं नव्हतं. त्यांनी तोंड खिडकीकडं केलं आणि उन्हात पडलेल्या रानाकडं बघत त्या रडायला लागल्या. आवाज न करता, कुठं थांबायचं ते न कळता.

विशाखानं पेंगुळलेलं लेकरू उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.