एकवीस दिवसांचं झाकण

मामंजींना झाकण उचलून पाहायची सवय. भात शिजत असला तरी उचलणार, दूध तापत असलं तरी उचलणार. मी काही बोलत नाही. पण पेंढ्याच्या ढिगाचं झाकण उचलू नका, एवढं मात्र रोज सांगत होते.

हिरवा चारा संपला होता. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर तांबी गाय वाळत चालली होती. मामंजी म्हणाले, "व्यापाऱ्याला देऊन टाकू." मी हात जोडून एकवीस दिवस मागून घेतले.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच केलं. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पुरता विरघळवून. थरावर थर, प्रत्येक थरावर शिंपण, वरून तुडवण. मग एकवीस दिवसांसाठी प्लास्टिक, आणि कडा चिखलानं लिंपलेल्या. युरियातून सुटणारा वायू आतच राहिला तर पेंढा मऊ होतो, पचायला हलका होतो.

तिसऱ्याच दिवशी मामंजी कोपऱ्याशी वाकलेले!

"मामंजी, वायू जातो हो."

"नासलंय का ते बघायला नको?"

"बघितल्यानंच नासेल."

"तू मला शिकवू नकोस."

मी पुन्हा चिखल लिंपला. दुसऱ्या दिवशी कोपरा पुन्हा उघडा. शेजारचे काका आले, त्यांनाही वास देऊन झाला. रोज पहाटे माळ ओढताना मनात एकच यायचं: देवा, यांचे हात थोडे दिवस कामात ठेव.

एकविसाव्या दिवशी मामंजींनी आपलाच कोपरा उघडला. आत काळी बुरशी.

"घे! बोलाव व्यापाऱ्याला."

मी ढिगाच्या दुसऱ्या बाजूचा चिखल फोडला. आत पेंढा सोनेरी-तपकिरी, मऊ. वायूचा असा झणका आला, की मामंजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तरी त्यांनी तसाच गरम पेंढा टोपलीभर तांबीपुढे टाकला. तिनं फुरफुर करून तोंड फिरवलं.

"बघ, तिलाही कळतं!"

"तिला कळतं, मामंजी. तुम्हालाच कळत नाही." माझ्या तोंडून एवढं वाकडं कधी गेलं नव्हतं. पण गेलं.

बुरशीचा भाग खड्ड्यात पुरला. चांगल्यातला थोडा पेंढा सावलीत पसरला, उरलेला पुन्हा झाकून लिंपला. दुपार टळेपर्यंत झणका उतरला. साध्या पेंढ्यात थोडा मिसळून पुढे ठेवला. तांबीनं हुंगलं, एक काडी ओढली. मग मान खाली घातली ती घमेलं चाटूनपुसून साफ होईपर्यंत वर केलीच नाही.

मामंजी रिकाम्या घमेल्याशी वाकले. "व्यापाऱ्याला नको म्हणून सांगतो," म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी शेजारचे काका आले. मामंजी उरलेल्या ढिगाशी खुर्ची टाकून बसलेले. "हात लावू नका! वायू जातो," असं दरडावून सांगत होते.

आणि त्यांचा स्वतःचा हात प्लास्टिकच्या कडेवर होता.